प्रकल्प नोंदी : दुसऱ्या मजल्यावरची गळती आणि सोहमचा कान

९ जानेवारी

सहकारनगरमधली जुनी सोसायटी, तळमजला धरून चार मजले. बांधकाम १९८६ चं, म्हणजे भिंतीतली मूळ लाईन जीआयची, जस्त चढवलेल्या लोखंडाची. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमला ओल आहे. छताच्या कोपऱ्यापासून खाली साडेतीन फूट पोपडे आलेत, मधे पांढरा खार फुटलाय. कपाट भिंतीपासून ओढून ठेवलंय. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, दोनदा रंग दिला. आता सून त्या खोलीत बाळाला झोपवत नाही."

वर दुसऱ्या मजल्यावर तरुण जोडपं राहतं. त्यांनी मागच्या वर्षी ओल थांबावी म्हणूनच आख्खं बाथरूम उकरून घेतलं, वॉटरप्रूफिंग केलं, नवी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची लाईन आणि नव्या टाईल्स टाकल्या. ओल होती तिथेच आहे. आता दोन्ही घरं एकमेकांशी जिन्यात बोलत नाहीत. वरचे दादा मला दारातच म्हणाले, "फोडायचं असेल तर आधी लिहून द्या की गळती इथेच आहे." त्यांचं चुकीचं नाही. एकदा पैसे गेलेत.

महिना जानेवारी, पाऊस जाऊन तीन महिने झाले, आणि ओलीची कड हाताला गार लागते. म्हणजे पावसाचं पाणी नाही. राहिलं दोनपैकी एक: सांडपाणी, नाहीतर पिण्या-वापरण्याच्या पाण्याची लाईन. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली.

सोबत सोहम आहे. अठरा पूर्ण, आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स करून ऑक्टोबरात माझ्याकडे आला. वडिलांचं दुचाकीचं गॅरेज आहे. बोलतो कमी.

१० जानेवारी

आधी सांडपाणी तपासलं. नहाणी ट्रॅपचं तोंड फुग्याने बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात लाल रंग कालवला. कमोडमध्ये वेगळा, निळा. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी तसंच ठेवलं. पातळीला चुन्याची खूण केली होती, ती हलली नाही. रंग खाली अजून दिसला नाही, पण त्यावर मी विसंबत नाही. स्लॅबमधून रंग उतरायला कधी दोन दिवस लागतात, कधी मधल्या भरावात तो गाळून निघतो. पातळी मात्र खोटं बोलत नाही. मागच्या वर्षीचं वॉटरप्रूफिंग चांगलं झालंय, हे मी दादांना आजच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

सोहमने विचारलं, "काका, पाण्याचा कॉक एक दिवस बंद ठेवला तर ओल मागे जाईल ना? मग कळेल."

प्रश्न चांगला, पण तसं होत नाही. वीट, गिलावा आणि टाईलखालचा भराव मिळून इतकं पाणी धरून ठेवतात की लाईन बंद केल्यावरही आठवडाभर ओल जागची हलत नाही. एक दिवस कॉक बंद ठेवून "ओल गेली नाही, म्हणजे लाईन चांगली" असं ठरवणारे खूप बघितलेत. या घरातही मागे तसंच कोणीतरी ठरवलं असावं.

११ जानेवारी

लाईनचा दाब तपासला.

बाथरूममध्ये शिरतानाचा बॉल व्हॉल्व्ह मागच्या वर्षीच बदललाय. तो बंद करून नळ दहा मिनिटं उघडा ठेवला, थेंब आला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह धरतो. हे आधी बघायलाच हवं. व्हॉल्व्हच पास होत असेल तर पुढची सगळी तपासणी वाया. मग सगळे अँगल कॉक बंद केले, शॉवरच्या तोंडाला दाबाचा काटा असलेला हाताचा टेस्टिंग पंप जोडला. पंप जोडताना लाईनमधली हवा काढली. सोहमला हे दोनदा करून दाखवलं, कारण इथे माणूस फसतो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लाईनमध्ये हवा अडकली असेल तर गळती असूनही काटा हळूहळू उतरतो आणि आपण म्हणतो, "किरकोळ आहे." हवा काढली की चमचाभर पाणी गेलं तरी काटा धाडकन खाली येतो.

गरम पाण्याची लाईन वेगळी तपासली. चौरस सेंटीमीटरला तीन किलो दाबावर अर्धा तास काटा हलला नाही. थंड लाईनला तीन किलो दिले आणि दांडा सोडला, तर काटा डोळ्यांदेखत उतरला.

मग दाब तीनवर टिकवायला किती पाणी लागतं ते मोजलं. पंपाच्या टाकीत मापाने पाणी घालत दहा मिनिटं दांडा मारत राहिलो. ३०० मिली गेलं. म्हणजे तासाला १.८ लिटर. पण हे तीन किलोच्या दाबाला. एरवी या घरात गच्चीवरच्या टाकीचा दाब आहे. टाकीचा तळ इथल्या नळापेक्षा साधारण साडेसहा मीटर वर, आणि दहा मीटरला एक किलो धरला तर ०.६५ किलो होतो. गळती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती तीन किलोच्या निम्म्याहून जराशी कमी भरेल. दिवसाचे साधारण २० लिटर. सोहमने वहीत गणित करून मला दाखवलं आणि म्हणाला, "काका, रोज एक बादली भिंतीत ओततोय आपण."

तर लाईनमध्येच गळती आहे, हे ठरलं. कुठे, हा प्रश्न. ओल खाली दिसते ती बाथरूमच्या कडेला, आणि माझं मन म्हणत होतं शॉवरच्या मिक्सरमागचा जोड. सीपीव्हीसीला जिथे पितळी आट्याचा तुकडा लावतात, तिथे जादा आवळलं की बारीक चीर जाते. दादांना तसं सांगून टाकलं. चार टाईल्स जातील म्हणालो. त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत.

१२ जानेवारी

आज फोडायचं ठरलं होतं. फोडलं नाही.

छन्नी काढली तेव्हा सोहम म्हणाला, "काका, आधी ऐकून बघू का?" त्याच्या हातात एक फूटभर लांब जुना पेचकस होता, लाकडी मुठीचा. वडिलांच्या गॅरेजमधून आणलेला. इंजिनचं बेअरिंग वाजतंय की टॅपेट, हे ओळखायला गॅरेजवाले पेचकसाचं टोक इंजिनला टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला. मीही बघितलंय. पाणीपुरवठ्याच्या जुन्या माणसांकडेही रस्त्याखालची गळती ऐकायला अशीच काठी असायची. पण घराच्या भिंतीला कधी लावून बघितली नव्हती.

दुपारचे बारा, जिन्यात वर्दळ, खाली पंप चालू. सोहमने शॉवर, बेसिनचा कॉक, फ्लशचा कॉक, एकेक करून ऐकलं आणि म्हणाला, "आवाज आहे, पण काय ते कळत नाही. रात्री येऊ या का?" मी पेचकस घेऊन कानाला लावला. मला काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "भास आहे तुझा."

तो गप्प बसला. पण छन्नी मीही परत पिशवीत टाकली. नव्या टाईल्स आहेत, एक रात्र थांबायला हरकत नव्हती.

१३ जानेवारी, रात्री १ ते ३.३०

दादांनी दार उघडं ठेवलं, वहिनींनी चहा थर्मासमध्ये भरून ठेवला. खालच्या काकूंनाही विचारून ठेवलं होतं. त्यांनी फ्रिज बंद केला आणि पंखाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर भिंतीतून इतका घुमतो, हे मला आज कळलं.

पहिल्यांदा सोहमने टाकीच्याच दाबावर ऐकलं. पाच मिनिटांत फ्लशच्या कॉकवर थांबला. "इथे जोरात आहे. स्सस्स असा सतत." मला वाटलं, झालं, सापडली. फ्लशमागची टाईल पेनाने खुणावली सुद्धा. पण तो म्हणाला, "थांबा," आणि फ्लशचा अँगल कॉक बंद केला. आवाज बंद. फ्लशच्या टाकीतला बॉल कॉक नीट बसत नव्हता, तिथून केसाएवढं पाणी सतत आत येत होतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जात होतं. भिंतीचा त्यात काही संबंध नाही. दाबाच्या तपासणीत हा कॉक बंदच होता, म्हणून तेव्हा ते ध्यानात आलं नव्हतं.

गळती ऐकताना घर आधी शांत करावं लागतं: फ्लश, पाणी शुद्ध करायचं यंत्र, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, शेजारच्या घरातलंसुद्धा. हे सगळे स्सस्सच करतात.

फ्लश बंद झाल्यावर सोहम बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "काका, अजून एक आहे. याच्यापेक्षा बारीक. पण टाकीच्या दाबावर नीट धरता येत नाही."

टेस्टिंग पंप जोडला. मेन व्हॉल्व्ह बंद, तीन किलो. पंपाचा दांडा खडखडतो, म्हणून मी तीन-चारदा मारायचो आणि हात काढून घ्यायचो. काटा उतरायला जेवढे क्षण लागत तेवढ्यात तो ऐकायचा. मग हात वर करायचा, मी परत मारायचो. असे तासभर. पंपाशी मी उकिडवा बसलेला, आणि बाथरूमच्या उंबऱ्यात भिंतीला कान लावून डोळे मिटलेला हा पोरगा.

एकेका ठिकाणाला त्याने शंभरपैकी गुण दिले, तेच वहीत लिहिले. शॉवर १०. बेसिन १०. फ्लश १५. आत शिरतानाचा बॉल व्हॉल्व्ह ६०.

हे उलटं होतं. गळती मिक्सरमागे असती तर शॉवरवर सगळ्यात जास्त आवाज हवा. सोहम म्हणाला, "बाथरूमची लाईन प्लास्टिकची आहे, ती आवाज खाते. पण गळती शॉवरजवळच असती तर तिथे तरी आला असता. व्हॉल्व्हचा निपल, तो आट्यांचा आखूड तुकडा, जीआयचा आहे. लोखंडातून येतोय आवाज, आणि तो बाथरूमकडून येत नाहीये."

मी पेचकस घेतला. व्हॉल्व्हला टेकवला, मूठ हाडाला दाबली. त्याने पंप मारला. मला पंप ऐकू आला, माझा श्वास ऐकू आला. बारीक स्सस्स नाही.

हे लिहून ठेवतो. मी १९८९ पासून या कामात आहे. छन्नी-हातोडा, मग ब्रेकर, कोर कटिंग, सगळं उघड्या कानाने. असं ऐकू येणं जातं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. माणसाचं बोलणं कळतं, म्हणून आपल्याला वाटतं कान चांगला आहे. काल मी ज्याला भास म्हणालो तो आवाज होता, माझ्यापर्यंत पोचत नव्हता एवढंच.

मला ऐकू येत नाही, तर त्याचं खरं कसं मानायचं? दादांची भिंत आहे. म्हणून एक केलं. सोहमला पाठमोरा उभा केला, पेचकस व्हॉल्व्हवर. मी पंप मारून कधी दाब ठेवायचो, कधी तेवढाच खडखडाट करून दाब गुपचूप सोडून द्यायचो, आणि विचारायचो, "आहे की नाही?" दहा वेळा. नऊ वेळा बरोबर. एकदा चुकला तेव्हा खाली रस्त्यावरून स्कूटर गेली होती. दादा स्वतः समोर उभं राहून मोजत होते.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. काकूंनी वरच्या घरी तिळगूळ पाठवला, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

१५ जानेवारी, रात्री

बाथरूमबाहेर पॅसेज. पॅसेजच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत लॅमिनेटचे पॅनेल, मागच्या वर्षीच्याच कामात बसवलेले. पॅनेलमागे पोकळी आहे, तिथे पेचकस लावून काही कळत नाही, सगळं पोकळ वाजतं. सोहमने खाली वाकून स्कर्टिंगच्या टाईलवर ऐकलं. ती भिंतीला घट्ट चिकटलेली. व्हॉल्व्हपासून एक फुटावर ४०, दोन फुटांवर ५०, तीन फुटांवर ७०, चार फुटांवर पुन्हा ४०. तीन फुटांवर त्याने पेन्सिलीने फुली मारली.

पण तिथे पाईप असायचं कारणच नव्हतं. बाथरूम करताना काढलेला नकाशा दादांकडे आहे, त्यात पॅसेजमध्ये लाईन नाही. मी पुन्हा जरा डळमळलो. जीआयमधून आवाज लांब जातो, वाकड्या वाटेने येतो, आणि जिथे मोठा वाटतो तिथे नुसता एखादा क्लॅम्प भिंतीला टेकलेला असू शकतो.

सोहम म्हणाला, "या घरात आधी कोण राहायचं?"

१६ जानेवारी

तळमजल्यावरचे आजोबा इमारत झाल्यापासून इथे आहेत. त्यांना विचारलं. ते पट्कन म्हणाले, "पॅसेजमध्ये हात धुवायचं बेसिन होतं की! सगळ्यांच्याच घरात होतं. माझ्याकडे अजून आहे, बघा." बघितलं. बाथरूमच्या दारापासून बरोबर तीन फुटांवर, जमिनीपासून अडीच फुटांवर नळाचा पॉइंट.

दादांच्या घरात ते बेसिन त्यांच्याही आधीच्या मालकाने काढलं होतं. बाथरूम नवं करताना बाहेरून येणारी जीआय व्हॉल्व्हपाशी कापून पुढे सीपीव्हीसी जोडली. व्हॉल्व्हनंतर लगेच तीन तोंडांचा एक जुना जोड, टी, आहे, तो भिंतीत होता, कोणाला दिसला नाही. त्या टीचं एक तोंड पॅसेजच्या भिंतीत जातं आणि जुन्या बेसिनच्या पॉइंटला संपतं. लाईन मेलेली, पण दाब चालू.

दुपारी दादांनी स्वतः पॅनेलचे स्क्रू काढले. मागची भिंत काळी झाली होती, हाताने गिलावा सुटत होता. पॅनेल बसल्यापासून ती ओल या बाजूला दिसलीच नाही. पाणी चरातून खाली टाईलच्या भरावात उतरायचं, तिथून बीमच्या कडेने काकूंच्या बेडरूमला.

पाऊण फूट रुंद फोडलं. टाईल एकही नाही. आत अर्ध्या इंची एल्बो, आणि त्यात ठोकलेला साधा लोखंडी प्लग, बिनजस्ताचा. वरून पीओपी भरलेली. पीओपी ओल धरते आणि लोखंड खाते. त्यात जीआयचे आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो, म्हणून पाईप कायम आट्यांपाशी आधी सडतो. प्लग पाण्याने फुगून तपकिरी पोळीसारखा सुटत होता. सोहमने फडक्याने पुसलं आणि मी पंप मारला. आट्यांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून केसाएवढी धार निघून समोरच्या विटेवर आपटत होती. विटेला तिथे करंगळीचं पेर जाईल एवढा खड्डा पडला होता.

दादांनी मोबाईलचा टॉर्च धरला होता. म्हणाले, "आणि मी बाथरूमवर एवढे घातले."

प्लगला दुसरा प्लग मारून काम भागलं असतं, पण मेलेली लाईन दाबाखाली ठेवायची नाही. टीपर्यंत उकरलं, टी काढून टाकला, व्हॉल्व्हच्या निपलनंतर सरळ पितळी आट्याच्या तुकड्यावर सीपीव्हीसी घेतली. टेफ्लॉन टेप सोहमने गुंडाळली, आट्याच्या दिशेने. सिमेंटचे जोड चोवीस तास सुकू द्यायचे, म्हणून आज पाणी सोडलं नाही.

१७ जानेवारी

हवा काढून सहा किलो दाब दिला. एक तास काटा जागचा हलला नाही. सोहमने स्कर्टिंगवर ऐकलं, शून्य लिहिलं. फ्लशचा बॉल कॉकही बदलला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

चर आत्ताच बुजवायचा नाही असं दादांना सांगितलं. पॅनेल काढलेलंच ठेवा, वाळू द्या.

संध्याकाळी जाताना कानावर बसवायचे दोन इअरमफ घेतले, एक सोहमला, एक मला. ब्रेकर धरताना घातलाच पाहिजे असं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला आता काय उपयोग?" मग जीभ चावली. मी म्हणालो, जेवढं उरलंय तेवढ्याला.

३१ जानेवारी

काकूंची भिंत बघितली. ९ तारखेच्या पेन्सिलीच्या रेघेपासून ओल कडेने जेमतेम दोन बोटं आत सरकलीये. काकू काळजीत होत्या. त्यांना सांगितलं की दोन वर्षांचं पाणी आहे, उतरायला वेळ घेणार. सुटलेले पोपडे खरवडून विटेपर्यंत मोकळं करून दिलं, म्हणजे लवकर सुकेल. खाराला पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं. धुतला तर तो विरघळून परत आत जातो आणि सुकल्यावर पुन्हा वर येतो.

तळमजल्यावरच्या आजोबांच्या पॅसेजमधला नळ सोहम आपणहून ऐकून आला. तिथे शांत आहे. तिसऱ्या मजल्यावरही बेसिन काढलेलं आहे असं आजोबा म्हणाले. तिथले लोक गावाला गेलेत, मार्चमध्ये येतील.

२७ फेब्रुवारी

ओल रेघेपासून फूटभर आत. मधला भाग अजून हाताला गार. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी भिंतीला लावून आलो. दोन दिवसांनी आतल्या बाजूने दव दिसलं तर गिलावा अजून करायचा नाही. कडेच्या भागात लावलेला तुकडा मागच्या खेपेला कोरडा निघाला होता.

काकूंना रंगाची घाई आहे, बाळाचं बारसं गेलं, आता उष्टावण त्याच खोलीत करायचं म्हणतात. एप्रिलच्या आधी नको म्हणालो. सोहम भिंतीला पेचकस लावून उभा होता. काकूंनी विचारलं, "काय रे, अजून येतोय का आवाज?"

"नाही काकू. वरच्या दादांकडे कुकर लागलाय, तेवढाच."